स्लिट लॅम्पच्या फोटोत मोतीबिंदूचा प्रकार कसा ओळखावा: आधी प्रकाश पाहा, मग डाग

स्लिट लॅम्पचा फोटो समोर आला की नवशिके ऑप्टोमेट्रिस्ट आणि पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर लगेच डाग शोधू लागतात. मध्ये काही दिसलं तर न्यूक्लिअर, कडेला दिसलं तर कॉर्टिकल, असा झटपट निकाल लागतो, आणि तो बऱ्याचदा चुकतो. पोस्टेरिअर सबकॅप्सुलर मोतीबिंदूसुद्धा मधोमधच असतो आणि कॉर्टिकलचे आरेही वाढत वाढत मध्यापर्यंत पोहोचतात. प्रकार ठरतो तो डाग भिंगात किती खोल आहे यावर. फोटो मात्र सपाट असतो, त्यात खोली थेट दिसत नाही. ती प्रकाशाच्या मांडणीवरून काढावी लागते. म्हणून फोटो पाहताना पहिला प्रश्न हा विचारावा: हा कोणत्या प्रकाशात काढलाय?

भिंगाची रचना डोळ्यासमोर आणा

भिंग आंब्यासारखं समजा. मधली कोय म्हणजे न्यूक्लिअस, भोवतीचा गर म्हणजे कॉर्टेक्स, आणि वरची पातळ साल म्हणजे कॅप्सूल. न्यूक्लिअर मोतीबिंदूत कोय पिवळसर आणि धूसर होते. कॉर्टिकलमध्ये गरात पाणी शिरतं, त्याचे थर फाकतात आणि कडेकडून मध्याकडे निमुळते होत जाणारे आरे तयार होतात. पोस्टेरिअर सबकॅप्सुलरमध्ये मागच्या सालीला आतून चिकटून एक पातळ, दाणेदार चकती तयार होते. प्रौढ माणसाचं भिंग पुढून मागे साधारण ४ ते ५ मिलिमीटर जाड असतं. आपला सगळा शोध एवढ्याशा जागेत चालतो, हे लक्षात असलं की फोकस थोडा पुढे-मागे झाल्याने निकाल का बदलतो ते कळतं.

पहिली पायरी: एका डोळ्याचे किमान तीन फोटो

एका फोटोवरून तिन्ही प्रकारांबद्दल बोलता येत नाही. मला विचाराल तर ज्या नोंदीत एकच फोटो आहे तिथे 'अपुरा' असा शेरा मारावा आणि पुन्हा फोटो मागवावेत.

बाहुली मोठी झालेली हवी, शक्यतो ६ ते ७ मिलिमीटर. ट्रॉपिकामाइड आणि फेनिलएफ्रिनचे एकत्र थेंब टाकून सुमारे अर्धा तास थांबलं तर बहुतेकांची बाहुली तेवढी होते. थेंब टाकण्याआधी डोळ्याचा पुढचा कोन अरुंद नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यायचं. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर फेनिलएफ्रिन द्यायचं की नाही, तेही त्यांनाच ठरवू द्यायचं. बाहुली लहान राहिली तर कडेचे आरे बुबुळामागे लपून राहतात आणि कॉर्टिकल मोतीबिंदू 'नाही' अशी खोटी नोंद होते.

पहिला फोटो बारीक फटीचा. प्रकाशाचा हात साधारण ४५ अंशांवर ठेवायचा, फट अरुंद आणि पूर्ण उंचीची करायची, आणि ती भिंगाच्या मध्यातून नेऊन न्यूक्लिअसवर फोकस करायचा. दुसरा आणि तिसरा फोटो मागून येणाऱ्या प्रकाशाचा, म्हणजे रेट्रोइल्युमिनेशनचा. त्यासाठी प्रकाशाचा हात कॅमेऱ्याच्या जवळजवळ सरळ रेषेत आणायचा, फट आखूड करायची आणि ती बाहुलीच्या कडेजवळून आत सोडायची. प्रकाश दृष्टिपटलावरून परतून येतो आणि बाहुली नारिंगी-लाल उजळते. यातला एक फोटो बुबुळाच्या कडेवर, म्हणजे भिंगाच्या पुढच्या भागावर फोकस करून घ्यायचा आणि दुसरा मागच्या कॅप्सूलवर. ही जोडी पुढे फार उपयोगी पडते.

दुसरी पायरी: फटीच्या फोटोत न्यूक्लिअस वाचा

फटीचा फोटो म्हणजे डोळ्याचा उभा छेद. ज्या बाजूने प्रकाश आला त्या बाजूला कॉर्नियाची चमकती कमान दिसते. तिच्यामागे काळी पोकळी, मग भिंगाची पुढची कमान, पुढचं कॉर्टेक्स, न्यूक्लिअस, मागचं कॉर्टेक्स आणि शेवटी मागच्या कॅप्सूलची कमान. पुढची कमान प्रकाशाच्या बाजूला फुगलेली असते, मागची नेमकी उलट्या बाजूला. कमानींचा हा उलटा बाक ओळखता आला की आपण भिंगात कुठे आहोत ते चुकत नाही.

आता न्यूक्लिअसमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहायच्या, त्याची धूसर चमक आणि त्याचा रंग. साधारण पन्नाशीनंतर प्रत्येकाचं न्यूक्लिअस थोडं धूसर आणि फिकट पिवळं दिसतंच, त्याला लगेच मोतीबिंदू म्हणायचं नाही. न्यूक्लिअस भोवतीच्या कॉर्टेक्सपेक्षा ठळक उजळ दिसू लागलं आणि त्याच्या आतले थर ओळखू येईनासे झाले की धूसरपणा वाढलाय. रंग ठरवताना मी न्यूक्लिअसच्या मागच्या भागाकडे जास्त पाहतो. तिथे पोहोचलेला प्रकाश अख्खं न्यूक्लिअस ओलांडून आलेला असतो, त्यामुळे पिवळेपणा किंवा तपकिरीपणा तिथे स्पष्ट उतरतो.

सगळ्यात जास्त फसवणूक इथे एक्स्पोजर करतं. फ्लॅश वाढवला की साधं न्यूक्लिअसही पांढरट चमकतं, आणि कमी केला की चांगलाच धूसर मोतीबिंदू सौम्य वाटतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स स्वयंचलित ठेवला तर तो पिवळा रंग स्वतःच 'दुरुस्त' करून टाकतो. म्हणून व्हाइट बॅलन्स स्थिर ठेवायचा आणि फटीची रुंदी, फ्लॅश, मोठेपणा ही मापं प्रत्येक रुग्णासाठी सारखी ठेवायची. एक्स्पोजर तपासायला कॉर्नियाची कमान पाहा. तीच पांढरीफटक जळलेली असेल तर त्या फोटोवरून न्यूक्लिअसची प्रत ठरवू नका.

प्रत ठरवण्यासाठी लॉक्स-३ नावाची पद्धत १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि संशोधनात ती सर्वत्र वापरली जाते. तिच्यात न्यूक्लिअससाठी फटीचे सहा प्रमाण फोटो आहेत, आणि कॉर्टिकल व पोस्टेरिअर सबकॅप्सुलरसाठी रेट्रोइल्युमिनेशनचे पाच-पाच. आपला फोटो शेजारी ठेवून दशांशात गुण द्यायचे असतात. कोणत्या प्रकारासाठी कोणता प्रकाश, याचं उत्तर या मांडणीतच आहे. न्यूक्लिअर फटीत पाहायचा, बाकीचे दोन लाल चमकेत.

तिसरी पायरी: लाल चमकेत आरे आणि चकती वेगळी करा

रेट्रोइल्युमिनेशनमध्ये जे काही प्रकाश अडवतं ते काळं दिसतं. फटीत पांढरा दिसणारा आरा इथे काळा होतो. नवख्यांना हा बदल पचायला जरा वेळ लागतो, पण तो एकदा डोक्यात बसला की दोन्ही फोटो एकमेकांना जोडून वाचता येतात.

कॉर्टिकलचा काळा भाग कडेला रुंद आणि मध्याकडे टोकदार असतो. त्याची दिशा नेहमी त्रिज्येची. सुरुवात बहुधा खाली आणि नाकाच्या बाजूला होते. समोरून काढलेल्या फोटोत उजव्या डोळ्याची नाकाकडची बाजू आपल्या उजव्या हाताला येते, त्यामुळे उजव्या डोळ्यात घड्याळातल्या ३ ते ६ या भागाकडे आधी नजर टाका, डाव्या डोळ्यात ६ ते ९ कडे. कधी कधी आऱ्यांच्या आधी पाण्याच्या फटी दिसतात. त्यांच्या कडा रेखीव असतात पण आतून लाल चमक आरपार येते. त्यांना पूर्ण काळा आरा समजून मोजू नये.

पोस्टेरिअर सबकॅप्सुलरची चकती बाहुलीच्या मध्याजवळ असते. तिचा काठ नागमोडी, पोत दाणेदार किंवा जाळीदार, काही ठिकाणी बारीक फुगे. तिला त्रिज्येची दिशा नसते. मधुमेह, दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड, डोळ्याच्या आतली सूज, किरणोत्सर्ग अशी पार्श्वभूमी असेल तर ती मुद्दाम शोधावी, तरुण रुग्णातसुद्धा.

न्यूक्लिअर मोतीबिंदू मात्र लाल चमकेत फारसा दिसत नाही. वाढलेला असेल तर अख्खी चमकच मंद होते किंवा मध्यभागी कडा नसलेली सावली पडते. म्हणून 'लाल चमकेत काही नाही, म्हणजे भिंग स्वच्छ' हे अनुमान चूक आहे. उलट बाजूनेही तेवढंच खरं आहे. फटीच्या फोटोत आरा दिसला नाही म्हणून कॉर्टिकल नाही असं होत नाही, कारण फट भिंगाच्या एकाच पट्टीतून जाते आणि आरा तिच्या शेजारीच बसलेला असू शकतो.

चौथी पायरी: खोलीची खात्री करा

मधोमध काळा डाग आहे, पण तो पुढे आहे की मागे? इथे फोकसची जोडी कामी येते. बुबुळाच्या कडेवर फोकस असताना डाग पुसट आणि मागच्या कॅप्सूलवर फोकस नेल्यावर त्याचा काठ धारदार झाला, तर तो मागे आहे. उलट घडलं तर पुढे. आऱ्यांसाठीही हेच. पुढच्या कॉर्टेक्समधले आरे पहिल्या फोटोत रेखीव असतात आणि दुसऱ्यात विरघळतात.

दुसरी खूण नजरेच्या दिशेची. रुग्णाला किंचित वर पाहायला सांगून आणखी एक फोटो घ्या. बाहुलीच्या पातळीतला डाग बाहुलीच्या काठाच्या हिशोबाने जागचा हलत नाही. बाहुलीच्या पुढचा डाग, उदाहरणार्थ कॉर्नियावरचा, नजरेबरोबर वर सरकतो आणि मागचा डाग उलट दिशेला खाली सरकतो. कॉर्नियावर उमटणाऱ्या दिव्याच्या चमकत्या ठिपक्याकडेही लक्ष द्या. कॉर्नियाच्या वक्रतेचा केंद्रबिंदू भिंगाच्या मागच्या ध्रुवाजवळ येतो, त्यामुळे नजर कुठेही वळली तरी मागच्या ध्रुवावरचा डाग त्या ठिपक्याच्या आसपासच राहतो. मला ही खूण फार आवडते, कारण तिला वेगळं उपकरण लागत नाही.

तोच चमकता ठिपका अडचणही करतो. तो नेमका मध्यावर पडला तर छोटी चकती त्याच्या खाली झाकली जाते. लाल चमकेचा फोटो घेताना फट थोडी बाजूला सरकवून ठिपका मध्यापासून दूर न्यायचा. ते जमलं नसेल तर तो मधला भाग 'तपासता आला नाही' असं लिहायचं.

तिसरी खूण म्हणजे पुन्हा फट. ती डागावरून नेली आणि उजळ रेघ मागच्या, उलट्या बाकाच्या कमानीला चिकटलेली दिसली, तर शंका उरत नाही. यात एक अडचण आहे. न्यूक्लिअसवर फोकस असताना मागची कमान अंधूक असते, म्हणून ही फट मागच्या कॅप्सूलवर वेगळा फोकस करूनच पाहायची.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

समजा ५८ वर्षांचा रुग्ण आहे. दम्यासाठी अनेक वर्षं अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेला. तक्रार अशी की उन्हात बाहेर पडलं की समोरचं धुवून गेल्यासारखं होतं, संध्याकाळी बरं दिसतं. उजव्या डोळ्याची योग्य चष्म्यासह दूरची दृष्टी ६/१२, जवळची एन १२.

फटीच्या फोटोत न्यूक्लिअस फिकट पिवळं, थोडं धूसर, पण आतले थर ओळखू येतात. इथेच थांबणारा 'सौम्य न्यूक्लिअर मोतीबिंदू' लिहून मोकळा होईल. पण तक्रार त्याच्याशी जुळत नाही. न्यूक्लिअर मोतीबिंदूत भिंगाची वक्रीभवनाची ताकद वाढते, मायनस नंबर येतो आणि जवळचं वाचन उलट सोपं होऊ शकतं. इथे जवळचं बिघडलंय, आणि उन्हात बाहुली लहान झाली की त्रास वाढतो. म्हणजे अडथळा मध्यावर आणि मागे असायला हवा.

लाल चमकेचा पहिला फोटो, बुबुळाच्या कडेवर फोकस. ४ ते ६ वाजण्याच्या जागेत दोन-तीन रेखीव आरे, मध्याच्या बरेच अलीकडे संपलेले. मधोमध एक पुसट काळसर भाग. दुसरा फोटो, मागच्या कॅप्सूलवर फोकस. आरे विरघळले आणि मधला भाग जाळीदार, नागमोडी काठाचा, स्पष्ट. वर पाहायला सांगितल्यावर तो बाहुलीच्या हिशोबाने खाली सरकला आणि दिव्याच्या ठिपक्याजवळच राहिला. पोस्टेरिअर सबकॅप्सुलर पक्का.

आता मोजमाप. जागतिक आरोग्य संघटनेची सोपी प्रतवारी रोजच्या कामाला पुरते. तिच्यात पोस्टेरिअर सबकॅप्सुलर चकतीची उभी उंची मोजतात. १ मिलिमीटरपासून २ पेक्षा कमी असेल तर प्रत १, २ पासून ३ पेक्षा कमी असेल तर प्रत २, आणि ३ किंवा जास्त असेल तर प्रत ३. थेट स्लिट लॅम्पवर फटीची उंची कमी करत डागाएवढी आणून मापपट्टीवर वाचता येते. फोटोवरून मोजायचं तर त्याच मोठेपणाच्या एखाद्या फोटोत कॉर्नियाची आडवी रुंदी धरा. ती प्रौढांत सरासरी ११.७ मिलिमीटर असते. आपल्या रुग्णात ती १४०० पिक्सेल भरली, म्हणजे एका मिलिमीटरला सुमारे १२० पिक्सेल. डागाची उंची २९० पिक्सेल, म्हणजे जवळजवळ २.४ मिलिमीटर. प्रत २. डाग कॉर्निया आणि भिंगातून दिसतो आणि माणसागणिक कॉर्निया थोडा लहान-मोठा असतो, त्यामुळे हे माप अंदाजे आहे. आकडा २ किंवा ३ च्या अगदी काठावर आला तर लॅम्पवर पुन्हा मोजा.

कॉर्टिकलसाठी परिघाचा किती हिस्सा व्यापलाय ते पाहतात. एक अष्टमांश ते पाव म्हणजे प्रत १, पाव ते अर्धा म्हणजे प्रत २, अर्धा किंवा जास्त म्हणजे प्रत ३. इथे घड्याळाच्या १२ तासांपैकी २ तास, म्हणजे एक षष्ठांश. प्रत १, मध्य मोकळा. न्यूक्लिअस जागतिक आरोग्य संघटनेच्याच प्रमाण फोटोंशी ताडून पाहिलं तर पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये, म्हणजे प्रत १. नोंद अशी होईल: उजवा डोळा, मिश्र मोतीबिंदू, न्यूक्लिअर १, कॉर्टिकल १ मध्य मोकळा, पोस्टेरिअर सबकॅप्सुलर २, तक्रारीशी जुळणारा भाग पोस्टेरिअर सबकॅप्सुलर. उतारवयात मिश्र मोतीबिंदू नेहमीच भेटतो, म्हणून एकच नाव निवडण्याचा हट्ट नको. तिन्ही भागांना वेगवेगळी प्रत द्या.

जिथे फोटो फसवतो

मागच्या ध्रुवावरचा जन्मजात मोतीबिंदू पोस्टेरिअर सबकॅप्सुलरसारखा दिसतो, पण तो गोल, दाट आणि रेखीव काठाचा असतो, बहुतेकदा एकात एक वर्तुळं दिसतात. त्यात मागची कॅप्सूल कमकुवत असू शकते आणि शस्त्रक्रियेत ती फाटण्याचा धोका जास्त असतो. असा संशय आला तर नोंदीत ठळक लिहून सर्जनना प्रत्यक्ष सांगा. केवळ या एका फरकासाठीसुद्धा प्रत्येक मधल्या डागाचा काठ नीट पाहावा असं माझं ठाम मत आहे.

शस्त्रक्रिया आधीच झालेली असेल तर मागच्या कॅप्सूलवर येणारी जाळी फोटोत चकतीसारखी दिसते. कृत्रिम भिंगाची कड किंवा पुढच्या कॅप्सूलमध्ये केलेल्या गोल छिद्राचा काठ शोधा, आणि जुने कागद पाहा. मागच्या ध्रुवाच्या जरा नाकाकडे एखादा सुटा, बारीक, गोल ठिपका असेल तर तो जन्माआधीच्या रक्तवाहिनीचा उरलेला अवशेष असू शकतो. तो वाढत नाही आणि त्याने सहसा दृष्टी अडत नाही. अश्रूंमधला चिकट स्राव लाल चमकेत काळ्या रेघा पाडतो. रुग्णाला पापण्या मिटायला सांगून पुन्हा फोटो घेतला की रेघा जागा बदलतात.

न्यूक्लिअस गडद तपकिरी झालं असेल, किंवा लोक ज्याला पिकलेला मोतीबिंदू म्हणतात तसं अख्खं भिंग पांढरं झालं असेल, तर लाल चमक मिळतच नाही. खेडोपाडीच्या शिबिरांत असे डोळे अजूनही येतात. तिथे पोस्टेरिअर सबकॅप्सुलरच्या रकान्यात शून्य लिहू नका, 'प्रत देता येत नाही' असं लिहा. शून्य वाचणारा डॉक्टर समजतो की मागची बाजू पाहिली आणि ती स्वच्छ होती. अशा डोळ्यात दृष्टिपटलही दिसत नसतं, त्यामुळे बी-स्कॅन सोनोग्राफी लागेल हेही त्याच नोंदीत सुचवा.